रत, लाम आणि क्वा: व्हिएतनामी ‘खूप’ वाक्यात नक्की कुठे बसवायचं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

व्हिएतनामी शिकणाऱ्या मराठी मंडळींकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एकदा सगळं इथे लिहून टाकतोय. शब्द देवनागरीत लिहिलेत, पण चढउतार म्हणजे टोन देवनागरीत दाखवता येत नाहीत, तेवढं सांभाळून घ्या. आणि ‘ङ’ हे अक्षर बालवाडीत पाठ करून आपण जे विसरलो ते इथे शब्दाच्या सुरुवातीलाच येतं, त्यामुळे ‘ङॉन’ म्हणजे चविष्ट हा शब्द आधी दोनचार वेळा मोठ्याने म्हणून घ्या, पुढे सगळीकडे तोच येणारे.

प्रश्न: तिन्हींचा अर्थ ‘खूप’च आहे ना? मग तीन शब्द कशाला?

डिक्शनरीत बघाल तर हो, तिन्हींपुढे ‘खूप, फार’ असंच दिसेल, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. जागा बघा आधी. रत हा नेहमी विशेषणाच्या आधी येतो, लाम हा नंतर येतो, आणि क्वा दोन्हीकडे येतो पण बाजू बदलली की अर्थ सरकतो. फो हे तिकडचं नूडल्सचं सूप सगळ्यांना माहीत असतं म्हणून त्याचंच उदाहरण घेऊ. ‘फो रत ङॉन’, ‘फो ङॉन लाम’, ‘फो ङॉन क्वा’. तिन्ही वाक्यं बरोबर आहेत, तिन्हींत फो चविष्टच आहे, फरक आहे तो बोलणारा कुठे उभा राहून बोलतोय यात.

‘फो रत ङॉन’ ही माहिती आहे. बातमीत, निबंधात, हॉटेलच्या रिव्ह्यूमध्ये असं लिहितात. मराठीत ‘इथला फो अतिशय चविष्ट आहे’. ‘फो ङॉन लाम’ म्हणजे मी खाल्लाय, मला माहितीये, तुला सांगतोय: ‘इथला फो मस्त असतो हं’. त्या ‘हं’मध्ये जे आहे ना, समोरच्याला पटवण्याचं, ते लाममध्ये आहे. आणि ‘फो ङॉन क्वा’ म्हणजे पहिला घास नुकताच तोंडात गेलाय आणि आपोआप निघालं, ‘काय भारी आहे हे!’

मराठीत आपण ‘खूप’ एकच ठेवतो आणि हा फरक ‘हं’, ‘बघ’, ‘किती’, ‘काय’ असल्या शब्दांनी आणि आवाजाने करतो. ते लोक तो शब्द आणि त्याची जागा बदलून करतात. एवढं लक्षात ठेवलं की पुढचे अर्धे प्रश्न सुटतात.

प्रश्न: मी सगळीकडे रत वापरला तर चालेल का? आधी लावायचा, सोपं पडतं.

व्याकरणाने बऱ्याच ठिकाणी चालेल, लोकांना कळेलही. आपण मराठी माणसं हेच करतो कारण ‘खूप छान’, ‘फार महाग’, सगळं आपलं आधीच येतं. पण बोलण्यात सारखं रत ऐकलं की पुस्तक बोलतंय असं वाटतं. कोणीतरी जेवायला बोलावलं, पहिला घास घेतला आणि तुम्ही ‘रत ङॉन’ म्हणालात तर ते म्हणजे काकूंनी वाढलेली पुरणपोळी खाऊन ‘सदर पुरणपोळी अत्यंत रुचकर आहे’ म्हणण्यासारखं आहे, काकू रागावणार नाहीत पण हसतील. तिथे ‘ङॉन क्वा!’ हवं.

उलट काही ठिकाणी रतच लागतो. ओळख झाल्यावर म्हणतात ते ‘रत वुय डुअक गाप आञ’, म्हणजे भेटून खूप आनंद झाला, हे ठरलेलं वाक्य आहे, त्यातला रत काढून तिथे लाम घुसवता येत नाही. ‘रत तिएक’ म्हणजे ‘फार वाईट वाटतं, दिलगीर आहोत’, हे पण तसंच, सूचनांमध्ये आणि ऑफिसच्या मेलमध्ये सारखं दिसतं. लिहिताना रत, बोलताना लाम आणि क्वा, हा कामचलाऊ नियम धरा. घट्ट नाहीये तो, लोक बोलताना रतसुद्धा वापरतात, विशेषतः शांतपणे काही समजावून सांगताना. आणि बोलण्यात ‘रत ला ङॉन’ असंही ऐकू येतं, मध्ये ‘ला’ टाकून, काही शिक्षकांना ते आवडत नाही पण ऐकायला सर्रास मिळतं.

प्रश्न: ‘क्वा’ आधी आणि ‘क्वा’ नंतर, फरक काय?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून जरा थांबून बघू.

क्वा हा मुळात चिनीतून आलेला शब्द, अर्थ आहे ओलांडणं, पार जाणं. त्यामुळे तो कुठे कुठे सापडतो बघा: ‘क्वा खू’ म्हणजे भूतकाळ (पार होऊन गेलेलं), ‘क्वा हान’ म्हणजे मुदत उलटलेलं, ‘क्वा ताय’ म्हणजे वजन झेपण्यापलीकडे गेलेलं, लिफ्ट जास्त माणसं भरल्यावर कुरकुरते ते. ‘३० मिनिटांहून जास्त नाही’ म्हणायचं तर ‘खोंग क्वा’ आणि पुढे ३० मिनिटं. म्हणजे एक रेघ आहे आणि ती ओलांडली, ही मूळ कल्पना.

आपल्याकडे ‘अति’चं अगदी हेच झालंय. ‘अति तेथे माती’ मधला अति रेघ ओलांडल्याची तक्रार करतो, आणि ‘अतिसुंदर’ मधला अति नुसतं कौतुक करतो. क्वामध्ये ही दोन्ही कामं जागेवरून बऱ्यापैकी वाटली गेलीत.

आधी लावला की रेघेची गोष्ट: ‘क्वा डात’ म्हणजे गरजेपेक्षा, ऐपतीपेक्षा, असायला हवं त्यापेक्षा महाग. थंड डोक्याने काढलेला निष्कर्ष. लेखातसुद्धा लिहाल. नंतर लावला की उद्गार: ‘डात क्वा!’ म्हणजे ‘बापरे, किती महाग!’ आता महागाईवर ओरडताना त्यात ‘परवडत नाही’ हे आलंच, त्यामुळे वाईट गोष्टींच्या बाबतीत आधीचा आणि नंतरचा क्वा जवळजवळ येतात. पण चांगल्या गोष्टींत फरक स्वच्छ दिसतो. ‘डेप क्वा!’ म्हणजे ‘किती सुंदर!’, यात कुठलीच तक्रार नाही, सुंदरपणा हद्दीबाहेर गेलाय असं कोणी म्हणत नाहीये. आणि ‘क्वा डेप’? हे पण आजकाल कौतुकात ऐकू येतं, तरुण लोक म्हणतात, जाहिरातीत दिसतं, पण त्यात ‘अपेक्षेच्या पलीकडे’ ही छटा राहतेच. शिकणाऱ्याने कौतुक करायचं तर क्वा शेवटी ठेवावा, चुकायची भीती नाही.

एक गंमत. सायगॉनकडे म्हणजे दक्षिणेत बोलताना ‘क्वा’मधला क गळतो आणि उरतं ‘वा’. ‘ङॉन वा!’ ‘डेप वा!’ म्हणजे आपलं ‘वा!’ तिथे शेवटी बसलंय असं समजा. नातं काही नाही दोन्हींचं, निव्वळ योगायोग, पण मला ही जागा कधी विसरायला झाली नाही ती त्यामुळेच. कौतुकाचा ‘वा’ शेवटी.

प्रश्न: लाम आणि शेवटचा क्वा, दोन्ही शेवटीच येतात, मग कुठे कुठला?

स्वतःला विचारा: हे मला आत्ता जाणवलं की आधीपासून माहितीये?

बाहेर पाऊल टाकलं, ऊन चटकलं, ‘नॉंग क्वा!’ (कसलं गरम होतंय!). घरातला माणूस बाहेर निघालाय आणि तुम्ही त्याला सांगताय की टोपी घे, बाहेर ऊन आहे, ‘नॉंग लाम!’ (फार गरम आहे हं बाहेर). पहिल्यात तुम्ही ऊन सोसताय, दुसऱ्यात ऊन सोसून आलाय आणि इशारा देताय. म्हणूनच ओळखीचा माणूस एखादी डिश सुचवताना ‘ङॉन लाम’ म्हणतो, आणि तुम्ही खाल्ल्यावर ‘ङॉन क्वा’ म्हणता. हे दोन्ही उलटसुलट केलं तरी कोणी चूक काढणार नाही, फक्त थोडं विचित्र वाटेल, जसं तुम्ही स्वतः पहिला घास घेऊन यजमानालाच सांगताय की ‘तुमच्याकडचं जेवण छान असतं हं’.

कालचा सिनेमा कसा होता हे सांगायचं तर तो अनुभव होऊन गेलाय, तेव्हा लाम किंवा रत जास्त जमतो. क्वा म्हटलात तर तुम्ही अजून त्याच धुंदीत आहात असं वाटतं, आणि असाल तर म्हणा की!

प्रश्न: ‘फारसं चांगलं नाही’ कसं म्हणायचं? मी ‘खोंग रत ङॉन’ म्हणालो तर सगळे बघायला लागले.

बघणारच. ही मराठी माणसाची ठरलेली चूक आहे, कारण आपण ‘खूप चविष्ट नाही’ मधून एक-एक शब्द उचलून ठेवतो. ‘खोंग’ म्हणजे नकार, आणि त्याच्या लगेच मागे रत बसत नाही. इथे लामच लागतो: ‘खोंग ङॉन लाम’. अर्थ ‘तितकंसं खास नाही’, आपल्या ‘फारसं’ सारखा मऊ नकार. मराठीतही गंमत बघा, ‘फार’ होकारात चालतो पण ‘फारसा’ नकाराशिवाय येत नाही, ‘मला फारसं आवडलं’ असं कोणी म्हणत नाही. तर लाम हा होकारात ‘फार हं’ आणि नकारात ‘फारसं’, दोन्ही कामं करतो.

रत आणि खोंग एकत्र येतात ते उलट्या क्रमाने: ‘रत खोंग हाय लॉंग’, म्हणजे खूपच असमाधानी. इथे ‘असमाधानी’ हा एक तुकडा झाला आणि त्याच्यावर रत चढला. हे मऊ अजिबात नाही, तक्रारीच्या मेलमधली भाषा आहे. म्हणजे खोंग आणि लाम तक्रार बोथट करतात, रत आणि खोंग धार लावतात. जागा उलटली की माणूस नम्र आहे की भडकलेला हे बदलतं.

तिसरा प्रकार: ‘खोंग क्वा काय’, म्हणजे जास्त तिखट नाही, सोसेल इतपत. (हो, तिखटाला ‘काय’ म्हणतात. वेटर ‘काय?’ म्हणाला की तो तुम्हाला ‘काय’ असं विचारत नसतो, तिखट चालेल का विचारत असतो. मी एकदा त्याला मराठीतच उत्तर देणार होतो.)

प्रश्न: प्रश्न विचारताना?

लाम. ‘कॉ सा लाम खोंग?’ म्हणजे खूप लांब आहे का? सा म्हणजे लांब. इथे रत घातला तर ऐकायला खटकतं. आणि कोणाला ‘जास्त नको करूस’ सांगायचं असेल, म्हणजे ‘डुंग’ने सुरू होणारं वाक्य, तिथे क्वा येतो: जास्त फास्ट बोलू नकोस, जास्त काळजी करू नकोस, ही सगळी वाक्यं ‘डुंग’ने सुरू होतात आणि क्वाने संपतात. रत इथेही हद्दपार.

म्हणजे नकार, प्रश्न, मनाई, या तिन्ही ठिकाणी रतची डाळ शिजत नाही. तो साधं सरळ विधान करणारा माणूस आहे.

प्रश्न: क्रियापदाला लावता येतात का? ‘खूप आवडतं’, ‘खूप खातो’ वगैरे?

आवडणं, हवं असणं, आठवण येणं, घाबरणं, अशा मनातल्या क्रियापदांना थेट लागतात. थिक म्हणजे आवडणं. ‘तोय रत थिक फो’, मला फो खूप आवडतो. लाम घ्यायचा तर ‘तोय थिक फो लाम’. नीट बघा, लाम ‘थिक’ला चिकटलेला नाही, फो मध्ये आला आणि लाम सगळ्यात शेवटी गेला. ‘तोय थिक लाम फो’ असं बोलू नका. लाम आणि शेवटचा क्वा हे दार ओढून घेणारे शब्द आहेत, जे काय सांगायचंय ते सगळं आत गेलं की मग ते येतात. त्यांच्यानंतर आलंच तर ‘रोय’ (झालं आता), ‘अऽय’ (अहो, अगं) असलं काहीतरी शेपूट येतं, किंवा ‘नेन’ म्हणजे ‘म्हणून’ लावून पुढचं वाक्य जोडतात, जसं ‘इतकं गरम झालं म्हणून गेलो नाही’, ते अगदी चालतं.

पण खाणं, पिणं, पळणं असल्या हातापायाच्या क्रियापदांना रत थेट लागत नाही. मराठीत ‘मी खूप खातो’ बिनधास्त चालतं म्हणून आपण ‘तोय रत आन’ म्हणतो (आन म्हणजे खाणं), आणि ते सपशेल चुकतं. मध्ये ‘न्यिएउ’ म्हणजे पुष्कळ हा शब्द लागतो, आणि रत त्याच्या डोक्यावर बसतो: ‘आन रत न्यिएउ’. तसंच ‘आन न्यिएउ लाम’, ‘आन न्यिएउ क्वा’. शेवटचं वाक्य पोट धरून सोफ्यावर बसल्यावर म्हणायचं.

कसं केलं ते सांगायचं असेल तरी हाच हिशोब. ‘चाय रत न्यान’ म्हणजे खूप जोरात पळतो (पळण्याला चाय म्हणतात, आता काय करणार). रत ‘जोरात’च्या आधी आहे, ‘पळणं’च्या आधी नाही. तुमची व्हिएतनामी ऐकून कोणी तोंडभरून म्हणेल ‘नॉय तिएंग विएत यॉय क्वा!’, बोलणं, व्हिएतनामी भाषा, हुशारीने, आणि शेवटी क्वा. दोन वाक्यं बोललात तरी म्हणतात हे, हुरळून जाऊ नका.

प्रश्न: दोन एकदम लावले तर? ‘रत ङॉन लाम’?

नाही. आधी रत असेल तर मागे लाम किंवा क्वा येत नाही. जागा वेगवेगळ्या असल्या तरी खुर्ची एकच आहे, एक बसला की दुसरा उभा. मी सुरुवातीला भरपूर दिवस हे करायचो, कारण डोक्यात रत आधीच येऊन गेलेला असायचा आणि मग वाक्याच्या शेवटी आठवायचं की अरे बोलताना लाम लावायचाय, मग तोही लावायचो. ओळखायची खूण अशी की समोरचा माणूस तुमचंच वाक्य एक शब्द कमी करून हळूच परत म्हणतो. तसं झालं की समजा डबल लागलंय.

जोर वाढवायचाच तर तोच शब्द दोनदा म्हणतात, ‘रत रत’ किंवा ‘लाम लाम’, आपल्या ‘खूप खूप’ सारखं. दक्षिणेत ‘क्वा ट्रऽय’ फार ऐकू येतं, शब्दशः आभाळाच्या पार, आणि तेही शेवटी येतं. अजून चढवायचं तर ‘क्वा ट्रऽय क्वा डात’, आभाळाच्या पार, धरणीच्या पार. (इथला डात म्हणजे जमीन, महागवाला डात नाही, व्हिएतनामी लिखाणात दोन्हींचे स्वर वेगळे आहेत, देवनागरीने दगा दिला.)

आणि ‘क्वा लाम रोय’ ऐकलंत तर हे काही व्याकरण मोडणं नाहीये, तो ठरलेला वाक्प्रयोग आहे: ‘आता अति झालं!’ भांडणात येतो.

प्रश्न: कुठल्या विशेषणांना हे लागतच नाहीत?

मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही, फक्त आठवण करून द्यावी लागते. आपण ‘फार काळाकुट्ट’ म्हणतो का? ‘खूप पांढराशुभ्र’? नाही, कारण ‘कुट्ट’ आणि ‘शुभ्र’मध्येच ‘खूप’ भरलेलं आहे. व्हिएतनामीत अगदी अशीच शेपटं आहेत: ‘डेन’ म्हणजे काळा, ‘डेन सी’ म्हणजे काळाकुट्ट, ‘चांग’ म्हणजे पांढरा, ‘चांग तिञ’ म्हणजे पांढराशुभ्र. यांना रत लावत नाहीत. आणि दुसऱ्या टोकाला ‘डॉ’ म्हणजे लाल पण ‘डॉ डॉ’ म्हणजे लालसर (पहिल्या डॉचा टोन बदलतो). ‘फार लालसर’ जसं आपल्याला विचित्र वाटतं तसंच त्यांनाही वाटतं. आपल्याकडे लाल-लाल म्हटलं की रंग वाढतो, त्यांच्याकडे फिका होतो, एवढं मात्र उलटं.

याउलट गावाच्या नावाला रत लावता येतो! ‘रत हा नोय’ म्हणजे अगदी टिपिकल हनोईचं. ‘एकदम पुणेरी’ म्हणतो तसं.

प्रश्न: बाजाराचं एक पूर्ण उदाहरण द्या ना.

हो चि मिन्ह सिटीत, म्हणजे सायगॉनातच, बेन थान्ह मार्केट आहे, पर्यटक जातातच तिथे, आणि घासाघीस चालते. समजा शर्ट बघितला, विकणारी बाई तुमच्यापेक्षा मोठी दिसतेय, तिला ‘ची’ म्हणजे ताई म्हणायचं, आणि ती तुम्हाला ‘एम’ म्हणजे धाकटा भाऊ किंवा बहीण म्हणणार. तिने किंमत सांगितली ३ लाख डॉंग, म्हणजे साधारण हजार रुपये. घाबरू नका, तिथे शून्यं जास्तच असतात.

तुम्ही: ‘माक क्वा ची अऽय!’ (किती महाग हो ताई!) महागाला उत्तरेत डात आणि दक्षिणेत माक म्हणतात, सायगॉनात माक बोललात की भाव नाही उतरला तरी माणूस मऊ होतो. इथे क्वाच हवा कारण किंमत आत्ता कानावर पडलीये आणि तुम्हाला धक्का बसलाय, निदान बसल्यासारखं दाखवायचंय. ‘रत माक’ म्हणालात तर ते बाजारभावावर टिप्पणी केल्यासारखं होतं, तिच्या पोटात काही कालवाकालव होत नाही. ‘माक लाम’ म्हणालात तर तुम्ही तिलाच माहिती देताय की हे महाग असतं हं, ती म्हणेल हो, असतं.

ती: ‘खोंग माक डउ एम, वाय तोत लाम!’ (महाग नाही रे, कापड एकदम चांगलंय!) इथे लाम का ते आता कळलं असेल. ती रोज ते कापड विकते, तिला माहितीये, ती तुम्हाला पटवतेय. ‘वाय तोत क्वा’ असं ती म्हणणार नाही, कारण स्वतःच्याच दुकानातलं कापड तिने आज पहिल्यांदा हात लावून बघितलं असं होईल.

मग तुम्ही शर्ट अंगाला लावून बघता आणि ती लगेच: ‘डेप क्वा!’ आता मात्र क्वा, कारण हे दृश्य तिलाही नवीन आहे. (खरं वाटो न वाटो.)

शेवटी तुम्हाला भांडायचं नाहीये, हळूच सांगायचंय की थोडं महागच वाटतंय, तर ‘हऽय माक’. हऽय म्हणजे जरासं, हा रतसारखाच आधी बसतो आणि बहुतेक तक्रारीच्याच शब्दांना लागतो: जरा महाग, जरा लांब, जरा तिखट. घरी आल्यावर मेलमध्ये लिहाल की तिथले कपडे ‘रत माक’, किंवा एखाद्या ठिकाणाबद्दल ‘क्वा माक’, बजेटच्या बाहेर.

एकाच शर्टावर सगळे येऊन गेले.

प्रश्न: नामाला चिकटवून, म्हणजे ‘खूप सुंदर शर्ट’ असं म्हणायचं तर?

व्हिएतनामीत विशेषण नामाच्या मागे जातं, शर्ट आधी, सुंदर नंतर. रत त्या दोघांच्या मधे बसतो: ‘आओ रत डेप’. वाक्याच्या पोटात वर्णन करायचं असेल, ‘तो खूप सुंदर शर्ट मी घेतला’ असं, तर रत सुरक्षित. लाम आणि शेवटचा क्वा दार ओढून घेतात हे मगाशी बोललो, ते लावलेत की ऐकणाऱ्याला वाटतं वाक्य संपलं, आणि तुम्ही पुढे बोलतच राहता.

प्रश्न: ‘लाम तिएन’मध्ये लाम आधी आला! हे काय?

हा लामचा दुसरा धंदा. तिएन म्हणजे पैसे. नामाच्या आधी आला की लाम म्हणजे ‘पुष्कळ, ढीगभर’: ‘लाम तिएन’ म्हणजे बक्कळ पैसेवाला. यात बरेचदा थोडी नापसंती असते. एक म्हण आहे, ‘लाम थाय थोय मा’, म्हणजे विधी करणारे गुरुजी फार झाले की प्रेत कुजायला लागतं, आपल्या सात मामांच्या उपाशी भाच्यासारखीच गत. इथे विशेषणाचा संबंध नाही, म्हणून वरच्या नियमात हे धरू नका.

प्रश्न: उच्चारात कुठे चुकतं? लोक समजत नाहीत.

तिन्ही शब्दांचा टोन एकच आहे, वर चढणारा, ‘हो?’ असं आश्चर्याने विचारतो तसा. एक टोन घोटला की तिन्ही जमतात, हे नशीब. रतमधला अ आपल्या ‘रथ’मधल्यासारखा आखूड, आणि शेवटचा त सोडायचा नाही, जीभ दातांशी नेऊन तिथेच थांबवायची. उत्तरेत रचा उच्चार आपल्या ‘झाड’मधल्या झच्या जवळ जातो, त्यामुळे हनोईत ‘झत’ ऐकू आलं तर गोंधळू नका. लाममधला आ आखूड आहे, लांबवलात आणि आवाज खाली आणलात तर ‘करणं’ या क्रियापदासारखं ऐकू येतं.

क्वाचा टोन चुकला तर मजाच मजा. सपाट म्हटलं तर ओलांडणं (‘होम क्वा’ म्हणजे काल), खाली उतरवलं तर भेटवस्तू, वळवून वर आणलं तर फळ, आणि एकदम दाबून तोडलं तर कावळा. ‘डेप’ म्हणून पुढे कावळा आला तर समोरचा आभाळात बघेल.

प्रश्न: फोनवर ही चिन्हं टाइप कशी करायची?

कीबोर्ड सेटिंगमध्ये व्हिएतनामी भाषा घ्या आणि त्यात टेलेक्स निवडा. टेलेक्समध्ये स्वराची खूण आणि टोन दोन्ही साध्या अक्षरांनीच टाकतात, चढणारा टोन म्हणजे शेवटी s.

```
raats  →  rất
lawms  →  lắm
quas   →  quá
```

मित्रांशी चॅट करताना दक्षिणेतली पोरं-पोरी क्वाच्या जागी `wá` असंच ठोकून देतात, तोच गळालेला क. ऑफिसच्या ग्रुपवर मात्र तसं लिहू नका.